आठ तासांची बॅटरी आणि तीन पंख्यांचे घर

«आमच्या इन्व्हर्टरची बॅटरी आता अर्ध्या तासातच बसते, म्हणून नवीन घ्यायची आहे. ऑनलाइन पाहिलेल्या एका बॅटरीखाली असे लिहिले आहे : '१५० एएच (सी-२०), टॉल ट्युब्युलर, बॅकअप ८ तासांपर्यंत, वॉरंटी ६० महिने (३६ + २४), लो मेंटेनन्स.' आमचा इन्व्हर्टर ९०० व्हीएचा आहे. लाइट गेली की तीन पंखे, चार एलईडी दिवे, टीव्ही आणि वाय-फाय चालते. उन्हाळ्यात रात्री लाइट गेली तर सासूबाईंना पंख्याशिवाय झोप लागत नाही. हे आठ तास खरे मानावेत का, की सरळ २०० एएचची बॅटरी घ्यावी?»
— एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर

सप्रेम नमस्कार.

ही बॅटरी नवी असताना तुमच्या घरी संध्याकाळी, सगळे चालू असताना, सुमारे तीन तास चालेल, आणि रात्री फक्त पंखे व वाय-फाय चालू ठेवल्यास चार ते सव्वाचार तास चालेल. तीन-चार वर्षांनी हेच आकडे दोन आणि तीन तासांच्या आसपास येतील. २०० एएचची बॅटरी घेण्याची गरज मला दिसत नाही. त्यापेक्षा कमी खर्चाचा आणि अधिक उपयोगाचा एक मार्ग आहे, तो पुढे सांगतो. मात्र आधी हे तीन तास कसे आले ते पाहू, कारण हा हिशेब एकदा हाताखालून गेला की कोणत्याही बॅटरीच्या जाहिरातीवर तुम्ही तो स्वतः करू शकाल.

एएच म्हणजे अँपिअर-अवर. १५० एएच याचा अर्थ बॅटरीतून किती अँपिअरचा प्रवाह किती तास घेता येईल याचा गुणाकार १५० आहे. पण हा गुणाकार सगळ्या वेगांना सारखा राहत नाही, आणि तुम्ही उतरवून पाठवलेल्या ओळीतला सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणूनच कंसातला 'सी-२०' हा आहे. त्याचा अर्थ असा की बॅटरी वीस तासांत हळूहळू रिकामी केली, म्हणजे सतत फक्त साडेसात अँपिअर घेतले, तर तिच्यातून १५० एएच मिळतात. प्रवाह जसा वाढतो तसे मिळणारे एएच कमी होतात. याचे कारण प्लेटच्या आत आहे. बॅटरीतले आम्ल प्लेटच्या बारीक छिद्रांतून आत झिरपते तेव्हा वीज तयार होते. आपण घाईने वीज उपसू लागलो की आतल्या भागातले आम्ल संपते, बाहेरचे आम्ल तितक्या वेगाने आत पोहोचत नाही, व्होल्टेज घसरते आणि प्लेटच्या गाभ्यातला माल न वापरताच इन्व्हर्टर 'बॅटरी लो' म्हणून बंद होतो. साधारण अंदाज असा धरावा : वीस तासांत १५० देणारी बॅटरी दहा तासांत सुमारे १२५ ते १३० एएच देते आणि तीन तासांत शंभराच्या आसपास देते.

आता तुमचे घर घेऊ. साधा जुना छताचा पंखा पूर्ण वेगाला सुमारे ७५ वॅट घेतो, म्हणजे तीन पंख्यांचे २२५ वॅट झाले. नऊ वॅटचे चार एलईडी दिवे ३६ वॅट, बत्तीस इंची एलईडी टीव्ही सुमारे ५० वॅट आणि वाय-फायचे यंत्र १० वॅट घेते. बेरीज ३२१ वॅट होते, ती आपण ३२० धरू. (टीव्ही ४३ इंची असेल तर आणखी तीस-चाळीस वॅट मिळवा, नेमका आकडा टीव्हीच्या मागच्या पट्टीवर छापलेला असतो.) बॅटरी १२ व्होल्टची आहे आणि तिची वीज २३० व्होल्टची करताना इन्व्हर्टर साधारण पाचवा हिस्सा उष्णतेत घालवतो. म्हणून हिशेब असा :

```
320 ÷ (12 × 0.8) = 33 अँपिअर
100 एएच ÷ 33    = 3 तास
```

जाहिरातीतला आकडा वापरून १५० भागिले ३३ केले असते तर साडेचार तास आले असते, आणि इन्व्हर्टरचा तोटा धरलाच नसता तर साडेपाच. ग्राहकाची निराशा याच दोन जागी होते. तो विकणाऱ्याला खोटारडा ठरवतो, विकणारा इन्व्हर्टरला दोष देतो, आणि मूळ मुद्दा, म्हणजे बॅटरी किती वेगाने उपसली जात आहे हा, बाजूलाच राहतो.

मग आठ तास कुठून आले? उलटा हिशेब करून पाहा. ही बॅटरी आठ तासांत रिकामी करायची ठरवली तर तिच्यातून सुमारे १२० एएच मिळतील, म्हणजे सतत १५ अँपिअर, आणि इन्व्हर्टरमधून बाहेर येतील साधारण १४५ वॅट. हे झाले दोन जुने पंखे, दिवा एकही नाही. आठ तासांचा दावा त्या भारावर खरा आहे. 'पर्यंत' हा शब्द छापणाऱ्याने तो भार कोणता हे त्याच ओळीत छापायला हवे होते, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि ज्या जाहिरातीत 'इतक्या वॅटवर इतके तास' असा तक्ता दिलेला असतो तिच्यावर मी अधिक विश्वास ठेवतो. तुम्हीही विकणाऱ्याला एकच प्रश्न विचारा : आठ तास किती वॅटवर? उत्तर आले नाही, तर वरचा हिशेब आपल्या हाती आहेच.

दोन बॅटऱ्यांची तुलना करताना याच कंसाकडे पुन्हा पाहावे लागते. सौर यंत्रणेसाठी विकल्या जाणाऱ्या बॅटऱ्यांवर क्षमता बहुधा सी-१० ची, म्हणजे दहा तासांच्या उपशाची, छापलेली असते. सी-१० ची १५० एएच ही सी-२० च्या १५० एएचपेक्षा मोठी बॅटरी असते आणि तिची किंमतही त्याप्रमाणे जास्त असते. त्या फरकाला विकणाऱ्याचा लोभ समजू नये. ज्या जाहिरातीत सी काहीच लिहिलेले नाही तिथे सी-२० च धरावे. दुसरी पडताळणी वजनाची. बॅटरीची क्षमता शेवटी शिशावर अवलंबून असते आणि शिसे हलके होत नाही. १५० एएचची टॉल ट्युब्युलर बॅटरी आम्लासह साधारण पन्नास किलोच्या वर भरते. त्याच आकड्याची, त्याच प्रकारची बॅटरी कोणी चाळीस किलोच्या आत आणि बरीच स्वस्त देत असेल, तर वरचे लेबल काहीही म्हणो, आत शिसे कमी आहे. वजन जाहिरातीच्या तपशिलात खाली कुठेतरी दिलेले असते. ते अवश्य शोधा.

आता सासूबाईंच्या झोपेचा प्रश्न. रात्री टीव्ही बंद, दिवे बंद, फक्त तीन पंखे, वाय-फाय आणि एक छोटा दिवा असे धरले तर २४० वॅट होतात. प्रवाह २५ अँपिअर, त्या वेगाला मिळणारी क्षमता सुमारे १०५ एएच, म्हणजे सव्वाचार तास. इंदूरमध्ये मे-जूनच्या वादळात एखादे झाड तारांवर पडले आणि दुरुस्ती पहाटेवर गेली तर हे अपुरे पडू शकते, ही तुमची भीती रास्त आहे. पण उपाय बॅटरीत शोधण्याआधी पंख्यांत शोधा. बीएलडीसी मोटरचा पंखा पूर्ण वेगाला साधारण ३० वॅट घेतो. तीनही पंखे बदलले तर रात्रीचा भार २४० वरून १०५ वॅटवर येतो, आणि बॅटरीही हळू उपसली जात असल्याने अधिक एएच देते, असा दुहेरी लाभ होतो. तीच १५० एएचची बॅटरी मग अकरा-बारा तासांच्या घरात जाते. संध्याकाळचे तीन तासही साडेपाच ते सहा होतात. तिन्ही पंखे एकदम बदलणे जमत नसेल तर आधी सासूबाईंच्या खोलीतला बदला आणि रात्री लाइट गेल्यावर दोनच पंखे चालू ठेवा. पंख्याच्या डब्यावर वॅट छापलेले असतात, ते वाचूनच घ्या, कारण 'वीज बचत करणारा' एवढेच लिहिलेले काही पंखे पन्नास वॅटचे असतात.

२०० एएचची बॅटरी तुमच्या तीन तासांचे सव्वाचार-साडेचार तास करेल, हे खरे. पण रिकामी झालेली बॅटरी पुन्हा भरावीही लागते, आणि हा भाग जाहिरातीत कधीच नसतो. ट्युब्युलर बॅटरीला तिच्या एएचच्या दहाव्या हिश्श्याइतका चार्जिंग प्रवाह योग्य मानतात : १५० ला १५ अँपिअर, २०० ला २० अँपिअर. घरगुती ९०० व्हीएच्या इन्व्हर्टरचा चार्जर बहुधा १० ते १५ अँपिअरच्या दरम्यान असतो आणि बॅटरी भरत आली की तो प्रवाह आणखी कमी करतो. त्यामुळे १५० एएचची पूर्ण रिकामी बॅटरी भरायला दहा ते बारा तास लागतात, २०० एएचची त्याच चार्जरवर पंधरा तास किंवा अधिकही घेते. पहाटे लाइट गेली आणि दुपारी पुन्हा गेली, तर मधल्या वेळात मोठी बॅटरी अर्धवटच भरलेली असते, आणि सतत अर्धवट भरलेली राहणारी शिशाची बॅटरी लवकर मरते, कारण प्लेटवर साचलेले सल्फेट कठीण होत जाते आणि नंतर चार्जिंगने विरघळत नाही. इन्व्हर्टरच्या पुस्तिकेत 'कमाल बॅटरी क्षमता' आणि 'चार्जिंग प्रवाह' या दोन ओळी पाहिल्याशिवाय मोठी बॅटरी कोणीही घेऊ नये.

फ्रीज, मिक्सर आणि पाण्याची मोटर यांच्याबद्दल थोडक्यात : ९०० व्हीएच्या इन्व्हर्टरवर ती जोडू नका. फ्रीजचा कॉम्प्रेसर सुरू होतानाचा झटका त्याच्या नेहमीच्या भाराच्या कितीतरी पट असतो, आणि घरात चालू राहिलेला एक फ्रीज तुमचे तीन तास दोनाच्याही आत आणू शकतो.

वॉरंटीचे ६० महिने एकसारखे नसतात. कंसातले ३६ + २४ असे वाचायचे : पहिल्या ३६ महिन्यांत निर्मितीचा दोष सिद्ध झाला तर बॅटरी विनामूल्य बदलून मिळते, पुढच्या २४ महिन्यांत, ज्याला प्रो-राटा म्हणतात, नवीन बॅटरीच्या किमतीत ठरावीक टक्के सूट मिळते. ही सूट तुम्ही भरलेल्या रकमेवर नसते, तर त्या दिवशीच्या छापील एमआरपीवर असते, आणि इथे अनेकांचा गैरसमज होतो. एक काल्पनिक उदाहरण घ्या. बॅटरी बाजारात १४,००० रुपयांना मिळते आणि तिची एमआरपी १९,००० आहे. चव्वेचाळिसाव्या महिन्यात ती गेली आणि वॉरंटी कार्डावरच्या तक्त्यानुसार २५ टक्के सूट मिळाली, म्हणजे ४,७५० रुपये. उरलेले १४,२५० तुम्हाला भरायचे आहेत, आणि जुनी बॅटरीही कंपनीकडे जमा करायची आहे. त्याच दिवशी दुकानात रोख १४,००० ला नवी बॅटरी मिळते, शिवाय जुन्या बॅटरीचे शिशाच्या भावाने काही हजार वजा होतात. म्हणजे सूट घेणे माणसाला उलट महागात पडते. प्रत्येक कंपनीचा तक्ता वेगळा असतो, म्हणून प्रो-राटा नेहमीच निरुपयोगी असे मी म्हणत नाही; पण दोन बॅटऱ्यांत निवड करताना मी फक्त पहिला आकडा मोजतो. '४२ + ६' लिहिलेली बॅटरी '३६ + २४' लिहिलेल्या बॅटरीपेक्षा, बाकी सारे समान असेल तर, मला अधिक भरवशाची वाटते, जरी तिची बेरीज कमी भरत असली तरी.

वॉरंटी कधीपासून मोजायची, हेही विकत घेतानाच पक्के करा. बिलाची तारीख ग्राह्य धरली जाते, पण बिल हरवले तर निर्मितीच्या तारखेपासून मोजणी होते, आणि त्यात तुमचे काही महिने सहज बुडतात. बॅटरीच्या खोक्यावर कोरलेला अनुक्रमांक, बिलावरचा क्रमांक आणि वॉरंटी कार्डावरचा क्रमांक हे तिन्ही एकच असल्याचे पोचवणाऱ्या माणसासमोर पाहून घ्या. कंपनीने ठरावीक दिवसांत नोंदणी करायला सांगितले असेल तर ती त्याच दिवशी उरका. मुदतीत बदलून मिळालेल्या बॅटरीला नवी ३६ महिन्यांची हमी मिळत नाही; पहिल्या बॅटरीचे जे महिने उरले असतील तेवढेच तिला लागू होतात. निर्मितीचा महिनाही पाहा. आम्ल भरलेली बॅटरी गोदामात नुसती पडून राहिली तरी हळूहळू उतरत जाते, आणि सहा-आठ महिने कोणी चार्ज न केलेली बॅटरी नवी असूनही दुबळी असू शकते. साध्या मल्टिमीटरने टर्मिनलवरचा आकडा घ्या : विश्रांतीतल्या, भरलेल्या बॅटरीवर १२.५ ते १२.६ व्होल्ट दिसतात, १२.४ च्या खाली असेल तर 'आधी चार्ज करून आणा' असे सांगण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

देखभालीवर मी जरा अधिक बोलणार आहे, कारण वॉरंटी नाकारली जाण्याचे सर्वांत मोठे कारण मी याच ठिकाणी पाहिले आहे. मी बरीच वर्षे बॅटऱ्या तपासण्याच्या कामात होतो. स्नेहलतागंजातल्या एका कुटुंबाने बावीस महिन्यांची बॅटरी आणली होती. वॉरंटी चालू होती, बिल होते, कार्ड होते. झाकणे उघडली तेव्हा सहापैकी चार कप्प्यांत पाणी प्लेटच्या खाली गेले होते, आणि उघड्या पडलेल्या प्लेटच्या वरच्या काठावर पांढरट पट्टा जमला होता. त्यांना विकणाऱ्याने 'लो मेंटेनन्स आहे, काही करावे लागत नाही' असे सांगितले होते. दावा फेटाळला गेला, आणि नियमाने तो फेटाळण्यासारखाच होता. त्या घरातल्या आजोबांचा चेहरा मला अजून आठवतो. त्यांनी दोन उन्हाळे काटकसर करून ती बॅटरी घेतली होती.

लो मेंटेनन्सचा अर्थ पाणी कमी लागते एवढाच आहे. चार्जिंग संपत आले की वीज प्लेटमध्ये साठण्याऐवजी पाण्याचे विघटन करू लागते, हायड्रोजन आणि ऑक्सिजन उडून जातात आणि पातळी खाली येते. आम्ल उडत नाही, म्हणून वर फक्त पाणी घालायचे असते, आम्ल कधीही नाही. आम्ल घातले तर प्लेट कुजतात आणि तपासणीत ते लगेच उघडकीला येते. प्रत्येक कप्प्यावर एक छोटा फ्लोट असतो, त्यावर हिरवी आणि तांबडी खूण असते. महिन्यातून एकदा, मार्च ते जून या काळात पंधरा दिवसांनी, सहाही फ्लोट पाहा. काटा तांबड्याकडे सरकला की बॅटरी पूर्ण चार्ज झाल्यानंतर डिस्टिल्ड वॉटर घाला, हिरव्या खुणेपर्यंतच. चार्ज होण्याआधी काठोकाठ भरले तर चार्जिंगमध्ये द्राव फुगून आम्लासह बाहेर सांडतो, फरशी जाते आणि बॅटरीतले आम्लही कमी होते. पाणी डिस्टिल्डच हवे. आपल्याकडे नळाला येणारे नर्मदेचे पाणी पिण्यास चांगले आहे, पण त्यातले क्षार प्लेटवर बसतात. आरओचे पाणीही चालत नाही, कारण त्यातही क्षार पूर्ण गेलेले नसतात.

पाणी किती लागते याची नोंद एखाद्या जुन्या वहीत ठेवली तर ती नोंदच आजार ओळखून देते. सहाही कप्पे सारखेच पण फार पाणी पीत असतील, दर महिन्याला भरावे लागत असेल, तर बहुधा इन्व्हर्टर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेजवर चार्ज करत आहे. पुष्कळ इन्व्हर्टरच्या मागे बॅटरीचा प्रकार निवडण्याची एक कळ असते : ट्युब्युलर, फ्लॅट, एसएमएफ. तुमची कळ ट्युब्युलरवर आहे ना ते पाहा, आणि भरलेल्या बॅटरीवर मल्टिमीटर लावा. चार्जिंग जोरात चालू असताना १४.४ च्या आसपास आणि बॅटरी भरून गेल्यावर १३.५ ते १३.८ व्होल्ट दिसले पाहिजेत. एकच कप्पा इतरांपेक्षा वेगळा वागत असेल, जास्त पाणी पीत असेल किंवा हाताला अधिक गरम लागत असेल, तर तो कप्पा आतून बिघडत आहे, आणि ही मात्र वॉरंटीत बसणारी तक्रार आहे. आम्लाची घनता मोजणारा शंभर-दोनशे रुपयांचा हायड्रोमीटर घेतलात तर हे पुराव्यानिशी सांगता येईल. पूर्ण भरलेल्या ट्युब्युलर बॅटरीची ही घनता, म्हणजे ग्रॅव्हिटी, १.२४० च्या जवळ येते; पाच कप्पे १.२३० ते १.२४० दाखवत असतील आणि सहावा चोवीस तास चार्ज करूनही १.१८० वरच अडकला असेल, तर तो आकडा तारखेसह लिहून ठेवा. सहाही कप्पे सारखेच खाली असतील तर मात्र बॅटरी नुसती उतरलेली आहे. सेवा केंद्र ती चार्ज करून परत देईल, बदलून देणार नाही. हायड्रोमीटर वापरताना हातमोजे आणि चष्मा घाला, जवळ पाण्याची बादली ठेवा, आणि बॅटरीपाशी देवाचा दिवा किंवा उदबत्ती कधीही लावू नका.

जागेबद्दल एकच सांगतो. शिशाच्या बॅटरीचे आयुष्य उष्णतेने झपाट्याने कमी होते; दर दहा अंश वाढीला ते सुमारे निम्मे होते असा जाणकारांचा ठोकताळा आहे. माळव्याच्या उन्हाळ्यात पश्चिमेच्या गॅलरीत, पत्र्याखाली ठेवलेली बॅटरी आणि घरातल्या हवेशीर कोपऱ्यात ठेवलेली बॅटरी यांत दोन वर्षांचा फरक पडतो तो यामुळे. पण हवेशीर हा शब्द सोडू नका. बंद कपाटात हायड्रोजन साचतो. सडक्या अंड्यासारखा वास आला किंवा खोके फुगलेले दिसले तर इन्व्हर्टरचा प्लग काढा, खिडक्या उघडा आणि माणूस येईपर्यंत काही चालू करू नका.

तुमच्या भागात हिवाळ्यात आठवडेच्या आठवडे लाइट जात नसेल, तरी महिन्यातून एकदा मेन्सचा खटका बंद करून दोन तास घर बॅटरीवर चालवा आणि पुन्हा पूर्ण भरू द्या. नुसत्या उभ्या बॅटरीत जड आम्ल तळाशी बसते; पूर्ण चार्जिंगच्या बुडबुड्यांनी ते पुन्हा ढवळले जाते. गावाला जाताना घराचा मुख्य खटका बंद करण्याची सवय असेल तर इन्व्हर्टरपुरती वीज चालू राहील असे पाहा, अन्यथा महिन्याभराने रिकामी आणि सल्फेट धरलेली बॅटरी हाती येते. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर इन्व्हर्टर बंद करून ती खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, कोरडे करा, वर पेट्रोलियम जेली लावा.

नवी बॅटरी मागवण्याआधी जुनीचीही झाकणे उघडून पाहा, एवढी विनंती. ती पाच-सहा वर्षे चालून थकली असेल तर काही बोलायचे नाही. पण ती अडीच-तीन वर्षांतच अर्ध्या तासावर आली असेल, तर दोष चार्जिंगच्या व्होल्टेजचा, कळीचा किंवा पाण्याचा आहे, आणि तो दूर केल्याशिवाय नवीही त्याच वाटेने जाईल. जुनी बॅटरी भंगारवाल्याला न देता विकणाऱ्यालाच द्या. तो भाव देतो, आणि २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे.

नवी बॅटरी बसवल्यावर तिला पहिल्यांदा पूर्ण बारा तास चार्ज होऊ द्या. मग एखाद्या सुट्टीच्या दुपारी इन्व्हर्टरची मेन्स बंद करा, फक्त तीन पंखे पूर्ण वेगाला लावा आणि 'बॅटरी लो'चा आवाज येईपर्यंतचा वेळ मोजा. चार तासांच्या आसपास आला तर क्षमता लेबलाप्रमाणे आहे. अडीच तासांत आवाज आला तर त्याच आठवड्यात तक्रार करा, थांबू नका. हा वेळ वॉरंटी कार्डाच्या मागे तारखेसह लिहा. हीच चाचणी, याच तीन पंख्यांवर, दरवर्षी एकदा घ्या आणि चौतिसाव्या महिन्यात नक्की घ्या. वेळ पहिल्या वेळेच्या निम्म्याच्या खाली आला असेल आणि फ्लोट व्यवस्थित हिरव्यावर असतील, तर बिल, कार्ड आणि पाण्याची वही घेऊन सेवा केंद्रात जा. मोफत बदलाचे दोन महिने तेव्हा तुमच्या हातात उरलेले असतील.